आंटीजींनी खोडलेली ओळ

नवऱ्याची बदली अशा ठिकाणी झाली, जिथे कुटुंब नेता येत नव्हतं. उत्तरेत, विमानतळालगतच्या एरोसिटीत भाड्याच्या वरच्या मजल्यावर मी एकटीच राहिले. ऑफिसचं काम घरूनच. लॅपटॉप मिटला की घर गप्प. विमान उतरताना काचा थरथरायच्या, तेवढाच आवाज. कधी दोन-दोन दिवस तोंडातून मराठी शब्द निघत नसे.

खाली घरमालकीण आंटीजी राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका. मुलगा बंगळुरूला. ऑक्टोबरात त्याचा फोन आला. "आप तो ऊपर ही हैं जी. मम्मीवर जरा लक्ष ठेवाल? जानेवारीअखेर मी तिला इकडे घेऊन येतो."

मी लगेच हो म्हटलं. खरं तर कुणी काही मागितलं, याचाच आनंद झाला होता. पण फोन ठेवल्यावर वाटलं, लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय? त्या पडल्या तर? मी गावी गेले तर?

फोनवर ठरलेलं त्याच दिवशी लिहून पाठवायचं, ही ऑफिसची सवय. तशी ईमेल केली. 'आज आपलं जे बोलणं झालं, ते मला समजलं तसं लिहीत आहे. चुकलं असेल तर दुरुस्त करा, बरोबर असेल तर तसं कळवा. मी रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला खाली जाऊन येईन. एक किल्ली माझ्याकडे राहील. काही झालं तर आधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावेन, मग तुम्हाला फोन करेन. उपचाराचा निर्णय तुमचा. मी बाहेरगावी जाणार असेन तर चार दिवस आधी कळवेन. त्या दिवसांची सोय तुम्ही करायची. हे सगळं एकतीस जानेवारीपर्यंत.'

त्याचा फोन आला. आवाज दुखावलेला. "शेजाऱ्यांत कुणी असं लिहितं का?"

"उद्या तुमच्या-माझ्या मनात वेगवेगळं राहायला नको, म्हणून लिहिलं," मी म्हटलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. संध्याकाळी सहाला आई गुरुद्वारात असते, सात करा. बाकी ठीक.

मी कागद छापून आंटीजींना नेऊन दिला. चष्मा लावून त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "सगळं माझ्याबद्दल आहे, पुत्तर. आणि मलाच कुणी विचारलं नाही."

मला मान वर करवेना. त्यांनी पेन मागितलं. उपचाराची ओळ खोडून वर लिहिलं, 'मी शुद्धीवर असेन तर निर्णय माझा.' खाली आणखी एक ओळ घातली, 'मी दाराला आतून कडी लावणार नाही.' म्हणाल्या, "कडी असली तर तुझ्या किल्लीचा काय उपयोग?" मग सही केली. मी फोटो काढून मुलाला पाठवला. या वेळी त्याचं उत्तर तासाभरात आलं, 'मंजूर.'

डिसेंबरात वडिलांना बघायला तीन दिवस साताऱ्याला जायचं होतं. चार दिवस आधी लिहून कळवलं. 'जवळच पिंजौरला माझा मावसभाऊ आहे, तो येईल,' असं मुलाचं उत्तर आलं. किल्ली शेजारच्या बाईंकडे ठेवून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंटीजींचा फोन. "बाथरूममध्ये पडले गं. कुणी नाही इथे." मावसभाऊ आलाच नव्हता. मी शेजारच्या बाईंना सांगितलं, अ‍ॅम्ब्युलन्स मागवली. कडी नव्हती, दार लगेच उघडलं.

मनगट मोडलं होतं. मुलगा फोनवरून ऑपरेशन करा म्हणत होता. डॉक्टर म्हणाले, या वयात प्लास्टरनेही भागेल. आंटीजींनी प्लास्टर निवडलं. ओळ खोडून त्यांनी लिहिलेलं मुलाने मंजूर केलं होतं. त्याने ऑपरेशनचा आग्रह सोडला.

मला मात्र त्याने सुनावलं. "तुम्ही जायलाच नको होतं."

मी आम्हा दोघांच्या ईमेल पुन्हा त्याला पाठवल्या. तासाभराने त्याचा फोन आला. "भावाला सांगायचंच राहिलं माझ्याकडून. चूक माझी."

जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. साताऱ्याचं घर माणसांनी भरलेलं होतं, आई पोळ्या लाटत होती, आणि मला वाटत होतं, आपण आत्ता तिकडे असायला हवं होतं.

जानेवारीत आंटीजींचं प्लास्टर निघालं. मी रोज ईमेल उघडून बघायची. तारीख पुढे ढकलूया, असं कुणीतरी लिहील असं वाटायचं. मीच विचारायला हवं होतं. धीर झाला नाही. एकतीस तारखेला मुलगा आला, दोन बॅगा आणि आंटीजींना घेऊन गेला. जाताना त्यांनी बऱ्या हाताने माझा गाल धरला. "फोन करते रहना."

फोनचं मात्र काही ठरलं नव्हतं. आधी रोज बोलायचो, मग रविवारी. होळीला त्या बराच वेळ बोलल्या, नातवंडांच्या गोंगाटात त्यांचं अर्धं मला ऐकूच आलं नाही. त्यानंतर मी करेन, मी करेन, असं दोन्हीकडून राहून गेलं.