काचेवरची दुसरी गणती

माझा दादा सोन्याच्या भावावर पोट भरतो, पण उद्या सोनं वर जाईल की खाली असं कुणी विचारलं की त्याचं डोकं फिरतं. मी ज्योतिषी नाही, म्हणतो. मग नक्की करतोस काय, असं मी एकदा चिडवलं तर म्हणाला, लाटा मोजतो. माझ्या ओळखीत लाटा मोजून पगार घेणारा तो एकटाच असता, तर मी त्याला वेडा ठरवून मोकळी झाले असते. पण त्याच्या शेजारच्या खुर्चीवर दुसराही तसलाच बसला होता, त्यामुळे गप्प बसावं लागलं.

दुसऱ्याला सगळे मुनी म्हणायचे, कारण तो दिवसभरात दहा शब्द बोलायचा आणि त्यातले सहा चहाबद्दल असायचे. एका सोन्याच्या पेढीच्या दुसऱ्या मजल्यावर, सदा अडकणाऱ्या लिफ्टच्या बाजूला, या दोघांची खोली होती. दोन टेबलं, दोन स्क्रीन, एक खिडकी. दर शनिवारी ते सराफांसाठी एका पानाचं टिपण काढायचे. माझं दागिने घडवण्याचं छोटं दुकान आहे, त्यामुळे ते पान माझ्याकडेही यायचं, आणि पान आणायच्या निमित्ताने मी बऱ्याचदा तिथे जाऊन बसायचे.

त्यांची पद्धत इलियट नावाच्या एका अमेरिकन माणसाची. दादाने मला ती इतक्यांदा समजावली आहे की मला ती झोपेतही सांगता येईल. भाव मोठ्या चढाला लागला की पाच लाटांनी चढतो, म्हणे. तीन वरच्या, त्यांच्यामध्ये दोन उलट्या. मग त्या चढाची दुरुस्ती म्हणून बहुतेक तीन लाटांनी उतरतो. पक्के नियम तीनच. दुसरी लाट पहिलीच्या सुरुवातीखाली जात नाही, तिसरी वर जाणाऱ्या तिघींत सर्वांत लहान नसते, आणि चौथी पहिलीच्या हद्दीत शिरत नाही, म्हणजे तिच्या माथ्याखाली उतरत नाही. एवढं सोडलं तर बाकी सगळं मोजणाऱ्याच्या डोळ्यावर. मोजायला कुठल्या तळापासून सुरुवात करायची, कुठला उंचवटा लाट धरायचा आणि कुठला नुसती तिच्यातली सुरकुती, हे चार्टवर लिहिलेलं नसतं. मी एकदा विचारलं, म्हणजे एकाच रेघेच्या दोन गोष्टी होऊ शकतात की. दादा म्हणाला, दोन नाही, पाचही होतात.

म्हणूनच त्या दोघांनी आपला एक रिवाज पाडला होता. भाव दोघं वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्यायचे, चार्ट आपापला छापायचे, आणि एकमेकांकडे पाठ करून आकडे टाकायचे. बघायचं नाही, विचारायचं नाही. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचे. उजेडात दोन्ही रेघा एकीत एक दिसायच्या. जिथे आकडे जुळले ती मुख्य गणती. जिथे नाही जुळले तिथे थोडी भांडाभांडी व्हायची, जो हरेल त्याची गणती पानाच्या तळाशी लिहायची, आणि ती कुठल्या भावाला खोटी पडेल तेही लिहायचं. तिचं नाव दुसरी गणती. बाकीचे सराफ पान वरूनच वाचायचे. मी तळापासून वाचायचे, कारण दुसरी गणती पटण्याजोगी असली की मी अर्धंच सोनं घ्यायचे आणि अर्ध्यासाठी थांबायचे. त्याने दुकान चालायचं.

काचेपाशी उभे असताना त्या दोघांना बघणं हा एक सोहळा होता. दादा उंच, मुनी बुटका, आणि कागद दादाच्या उंचीला धरला की मुनी टाचा उंचावून उभा राहायचा. हरला की मुनी चहा ओतायचा. दादा हरला तरी मुनीच ओतायचा. मी दादाला म्हणायचे, तुझं लग्न चुकीच्या माणसाशी झालं. वहिनीलाही, म्हणजे दादाच्या बायकोलाही, ते मान्य होतं.

मग पेढीच्या मालकाने दोघांना बोलावलं. सराफांच्या तक्रारी येत होत्या. वर म्हणता, तळाशी खाली म्हणता, आम्ही काय करायचं? मालकाचं म्हणणं सरळ होतं, इथून पुढे पानावर एकच गणती, वर की खाली. दादाने समजावून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. मला तेव्हाच वाटलं होतं की हे नीट होणार नाही. आजवर हरणाऱ्यालाही पानावर जागा होती, आता हरणारा पानाबाहेर जाणार होता.

त्याच शनिवारी मी तिथे होते. सोनं वर जाऊन, थोडं उतरून, मग खूप वर जाऊन पुन्हा उतरलं होतं आणि नुकतं सावरत होतं. दोन्ही कागद काचेवर लागले. रेघा सगळीकडे जुळल्या, एका जागी सोडून. शेवटच्या उतारात मुनीच्या कागदावर एका कँडलला, म्हणजे एका दिवसाचा भाव दाखवणाऱ्या उभ्या पट्टीला, खाली बारीक शेपटी होती. दादाच्या कागदावर ती नव्हती.

सोन्याचं असंच असतं. हाजिर, म्हणजे हातोहात विकल्या जाणाऱ्या, सोन्याला एक दुकान नाही, जो तो व्यापारी आपला भाव सांगतो. बाजार ओस असताना एकाच्या भावात क्षणभर खड्डा पडतो आणि दुसऱ्याच्या भावात काहीच होत नाही. इतर वेळी दोघं अशा शेपटीवर हसले असते. पण ही शेपटी नेमकी पहिल्या लाटेच्या माथ्याखाली उतरली होती, केसभर.

दादाच्या कागदावर एक, दोन, तीन, चार झाल्या होत्या. चौथी हद्दीबाहेर थांबली होती, म्हणजे पाचवी बाकी, म्हणजे सोनं वर. मुनीच्या कागदावर चौथी पहिलीच्या हद्दीत शिरली होती. मग ती चौथीच नव्हे. मग तो चढ पाचाचा नाहीच, तिनाचा, आणि तो संपला, म्हणजे सोनं खाली. नियम दोघांचा तोच होता. दोघंही तो काटेकोर पाळत होते, आणि त्यामुळेच उलट्या तोंडाने चालले होते.

दादा म्हणाला, ती शेपटी भावाच्या यंत्रातली चूक आहे. मुनी म्हणाला, तिथे सौदा झाला आहे. दादाने आणखी दोन ठिकाणचे भाव काढले. एकात शेपटी होती, पण माथ्याला न टेकणारी. दुसऱ्यात नव्हती. त्याने दोघांचंही समाधान झालं नाही, उलट दोघांनाही आपापला पुरावा मिळाला. मालक दारात उभा होता. मला अजून वाटतं, तो दारात नसता तर दादा पुढचं बोलला नसता.

"तुला ती शेपटी दिसते," दादा म्हणाला, "कारण तुला भाव पडलेला हवाय. तू कायमचा घाबरट."

मुनीने आपला कागद काचेवरून काढला. काचेवर दादाचा एकटा राहिला.

"आणि तुला दिसत नाही," मुनी म्हणाला, "कारण ती बघायला तुझ्यामागे मी उभा असतो."

त्या शनिवारी पानावर दादाची गणती छापली गेली. सोमवारी मुनी आला नाही. मंगळवारीही नाही. काही दिवसांनी मालकाला त्याचा निरोप आला की तब्येत बरी नाही, यापुढे जमणार नाही. दादा म्हणाला, रुसलाय, येईल. मी म्हटलं, तू जा. तो म्हणाला, भाव ठरवू दे कोण बरोबर ते, मग जातो. माझा भाऊ हुशार आहे, पण या एका वाक्याइतकं मूर्ख वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

भाव काही ठरवायला तयार नव्हता. आधी तो घसरला. दादा तोंड पाडून बसला. पण पहिल्या लाटेच्या माथ्याच्या जरा वरच तो थांबला, म्हणजे दादाच्या भावाप्रमाणे दादाची गणती जिवंत राहिली. मग रेंगाळत रेंगाळत वर चढला आणि एके दिवशी जुना उच्चांक ओलांडून गेला. मालकाने पेढे वाटल्यासारखा चेहरा केला. सराफांचे दादाला फोन आले. मी संध्याकाळी पेढीवरच्या त्याच्या खोलीत गेले, तर तो स्क्रीनसमोर सुकलेल्या चेहऱ्याने बसला होता.

मी म्हटलं, जिंकलास ना? तो म्हणाला, नाही. मुनीची गणती अजून मेलेली नाही. उतारातली मधली लाट कधी कधी जुन्या उच्चांकाच्या वर जाते, फसवते, आणि मग जोरात खाली येते. ते नियमात बसतं. तो इथे असता तर हेच म्हणाला असता. "आणि मला खोडून काढता आलं नसतं," दादा म्हणाला. मग त्याने चप्पल घातली आणि म्हणाला, चल, त्याच्याकडे जाऊ.

त्याने आपला चार्ट गुंडाळून बरोबर घेतला होता. मुनीचं घर तीन जिन्यांवर होतं. दार मुनीच्या बायकोने उघडलं. तिच्याकडे पाहताच मला कळलं. दादाला कळलं नाही, तो आत बघत विचारत होता, कुठाय हा, झोपलाय का.

ती बाजूला झाली नाही. "भाऊजी," ती म्हणाली, "हे गेले. मागच्या महिन्यात."

खरंच तब्येत बरी नव्हती. रक्ताचा आजार होता, पेढी सोडायच्या आधीपासूनचा. त्याने तो कुणालाच सांगितला नव्हता, आणि पेढीला कळवायचं नाही असं तिला बजावलं होतं. दादा येईल, पण तो दयेपोटी आलेला मला नको, भांडायला येऊ दे, असं म्हणाला होता. मुनीसाठी ते फार मोठं वाक्य होतं.

दादा दारातच बसला. तीही त्याच्यासमोर उंबऱ्यावर बसली. थोड्या वेळाने तिने सांगितलं की शेवटपर्यंत दर शनिवारी सकाळी तो तिला खिडकीशी खुर्ची ठेवायला लावायचा. चार्ट काढायचा, आकडे टाकायचा, कागद काचेवर धरायचा आणि बराच वेळ बघत राहायचा. मग विचारायचा, "आज तो काय मोजत असेल गं?" तिला काय कळणार त्यातलं. ती म्हणायची, तुमच्या उलट, आणखी काय. तेवढ्याने तो हसायचा आणि जेवायचा.

दादा रडला. आई गेली तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. आणलेला चार्ट त्याच्या हातात चुरगळत होता, आणि मुनीची बायको तो त्याच्या मुठीतून सोडवून मांडीवर सपाट करत होती, जपून ठेवायची वस्तू असावी तसा.

सोनं पुढे पडलंही आणि चढलंही. कोण बरोबर होतं ते दादा आता कुणाला सांगत नाही. मला विचाराल तर त्या दोघांमध्ये बरोबर कोण हा प्रश्नच नव्हता, तो मालकाने आणून ठेवला आणि माझा भाऊ त्यावर अडून बसला. त्याने मालकाला सांगून पानाच्या तळाची जागा परत मिळवली आहे. पण ती भरताना त्याचं घोडं अडतं. स्वतःच्या गणतीविरुद्ध मोजायला बसला की त्याचा हात आपल्याच आकड्यांवरून फिरतो. तो म्हणतो, एकाच डोक्यातून दोन माणसं निघत नाहीत.

गेल्या शनिवारी त्याने मला मुनीच्या खुर्चीवर बसवलं, कोरा चार्ट पुढे सरकवला आणि हातात पेन्सिल दिली. मी म्हटलं, अरे, मला यातलं काही येत नाही.

"चुकीचं मोज," तो म्हणाला, "पण माझ्याकडे बघू नकोस."

मी त्याच्याकडे पाठ केली आणि मला जमतील तसे आकडे टाकले. मग आम्ही दोन्ही कागद काचेवर धरले. त्याने ते त्याच्या उंचीला धरले होते, म्हणून मी टाचा उंचावल्या. माझ्या लाटा अगदीच चुकल्या होत्या, तिसरी सर्वांत लहान आली होती. दादाने ते पाहिलं, पण खोडलं नाही. कागद तसेच काचेवर धरून तो उभा राहिला, आणि चहा मी ओतला.