या महिन्याचं आपल्या हातात

बारामतीत माझं म्युच्युअल फंडाच्या वितरकाचं छोटं ऑफिस आहे. एक टेबल माझं, एक बायकोचं. भवानीनगरला कारखान्याच्या कामगारांसमोर एसआयपीची, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याची, माहिती द्यायची होती, त्यासाठी फ्लेक्स करायचा होता आणि फ्लेक्सवर एक ओळ हवी होती. ती ओळ लिहायचं काम बायकोनं आपणहून घेतलं.

तिचं माहेर निरवांगी. घरी डाळिंबाची बाग. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं.

पहिल्याच दिवशी तिनं मोठ्यानं वाचलं, "आज थोडं, उद्या मोठं."

"चालणार नाही," मी म्हणालो. "मोठं होईल याची हमी आपण देऊ शकत नाही. बाजार पडला तर थोड्याचं आणखी थोडं होतं."

"बरं. दरमहा पेरा, सुखानं तोडा."

"सुखानं कशावरून?"

"अगं बाई! डाळिंबाला तेल्या रोग येतो म्हणून कुणी रोप लावायचं सोडतं का?"

"लावतात. पण रोपं विकणारा, तेल्या येणारच नाही असं बोर्डावर लिहीत नाही."

भवानीनगरचे एक तात्या तेव्हा समोर बसले होते. कारखान्यातून निवृत्त झालेले, आमचे जुने गुंतवणूकदार. सभेला माणसं तेच गोळा करणार होते. ते म्हणाले, "वैनी, ह्यो माणूस लग्नात सात फेरे घेताना तरी हो म्हणला व्हता का?"

"म्हणले की. पण आधी सगळी कागदपत्रं वाचून," ती म्हणाली, आणि तिघंही हसलो.

पुढचे काही दिवस ती लिहीत राहिली आणि मी खोडत राहिलो. खात्री, दुप्पट, निश्चिंत, सगळे शब्द गेले. शेवटी ती वैतागली. "तुमाला उद्याचं काय बोलायचंच न्हाय, तर उद्या ठेवूच नका बोर्डावर." तिच्या तोंडून ते सहज निघून गेलं. मीही पुढच्या फोनला लागलो.

नंतर तिची पोटदुखी वाढली, तपासण्या झाल्या, आणि आजाराचं नाव कळलं. भवानीनगरची सभा पुढे ढकलली. दर महिन्याला केमोसाठी आम्ही पुण्याला जाऊ लागलो.

पहिल्या वेळी गाडीत तिनं विचारलं, "मी बरी हुईन ना, हो?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलेलं होतं. दुसरा कुणी असता तर पटकन हो म्हणाला असता. मी म्हणालो, "औषधाला प्रतिसाद मिळाला तर..."

ती माझ्याकडं बघत राहिली, मग हसली. "हितंबी अटी लागू?"

यवत मागं पडलं तरी मी रस्त्याकडंच बघत होतो. तिनंच माझ्या हातावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. पुढचं कुणी सांगावं? या महिन्याचं सांगा. या महिन्यात मला एकटीला सोडणार न्हाय ना?"

"नाही."

"मग झालं. पुढच्या महिन्यात परत इचारीन."

आणि ती खरंच विचारायची. प्रत्येक वेळी, गाडी बारामतीच्या बाहेर पडली की. मी "नाही" म्हणायचो, आणि ती सीट मागं करून डोळे मिटायची. एकदा डोळे न उघडताच म्हणाली, "हेच लिवा की बोर्डावर. ह्यात काय खोटं न्हाय."

मी ओळ लिहिली: पुढचं कुणी सांगावं? या महिन्याचं आपल्या हातात. फंडाच्या पुण्यातल्या ऑफिसला तपासायला पाठवली. या ओळीतला एकही शब्द त्यांनी खोडला नाही. बाजाराच्या जोखमीची सूचना खाली ठसठशीत अक्षरांत द्या, एवढंच सांगितलं. ते उत्तर आलं तेव्हा ती गेली होती, घरी तिचे दिवस चालू होते. तेरावं झाल्यावर मी ते उघडलं.

तिच्या नावावरही एक एसआयपी होती. मृत्यूचा दाखला जोडून ती बंद करायचा अर्ज मीच दिला. नॉमिनी मीच होतो, त्यामुळे तिची युनिट्स माझ्या नावावर आली. इतरांची असली कामं मी कितीदा केली होती. तिच्या वेळी सही करायला जागा सापडेना.

सभा तात्यांनीच पुन्हा ठरवली. फ्लेक्स बांधताना दोरी त्यांनी धरली होती. बांधून झाल्यावर मागं सरकून त्यांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"किती मिळंल ते लिवलंच न्हाय की."

"ते सांगता येत नाही, तात्या. कमीही होऊ शकतं. महिन्याला जेवढं झेपेल तेवढं टाकायचं, अडचण आली तर थांबवता येतं."

"व्हय, पण चांगलं हाय. माणूस आजच उठून पैसं भरंल असं हाय." ते जरा थांबले. "आन पुढच्या महिन्याचं काय?"

त्यांनी सहज विचारलं होतं. उत्तर मला पाठ होतं, पण ते माझं नव्हतं, गाडीतलं तिचं होतं. खुर्च्या भरत आल्या होत्या आणि मी अजून दोरीची गाठ हातात धरून उभा होतो.

"वैनीनं लिवलंय व्हय?" तात्यांनी हळू विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी माझ्या हातातून दोरी सोडवली आणि गाठ स्वतःच पक्की केली.