आधी लिहिलेला आशीर्वाद

धाकटी बहीण नर्स होऊन इंग्लंडला गेली आणि तिथल्याच माणसाशी लग्न करून बसली. त्याला मराठीचा म सुद्धा येत नव्हता. तिला दोनदा दिवस जाऊन हाती काही लागलं नाही. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आईनं धोसरा काढला, दसऱ्याला सगळ्या थोरल्यांचे आशीर्वाद तिला पोचले पाहिजेत, तेही तोंडानं बोललेले. मग भावानं परभणीहून लग्नाची शूटिंग करणारा व्हिडिओवाला आमच्या गावी पिंगळीला आणला. इंग्लंडला आपल्याकडचीच कॅसेट चालते, असं त्यानं आधीच सांगितलं होतं.

दाजीला कळावं म्हणून खाली इंग्रजी अक्षरं पाहिजेत, आणि घरात इंग्रजी शिकवणारी बाई मी एकटीच. पांढऱ्या कार्डाच्या खालच्या अंगाला काळ्या जाड पेननं लिहायचं. व्हिडिओवाला ते कॅमेऱ्यापुढं धरून बटण दाबायचा, की अक्षरं आत साठायची. मग माणूस बोलायला लागला की दुसरं बटण दाबून ती चित्रावर उमटवायची. एका वेळी एकच कार्ड. म्हणजे आशीर्वाद आधी लिहायचा आणि माणसानं नंतर तोच बोलायचा! ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ हे जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं तर दाजी पार्सलची वाट बघत बसेल, म्हणून नुसत्या शुभेच्छा लिहून मोकळी झाले.

काकू आपट्याची पानं हातात घेऊन कॅमेऱ्यापुढं बसली आणि गप्पच.

“आवो काकू, बोला की,” व्हिडिओवाला म्हणाला.

“कुणाला बोलू? पाया कुणी पडलंय का? पाया पडल्याबिगर आशीर्वाद कसा द्यावा माणसानं?”

बरोबरच होतं तिचं. मग वहिनीला कॅमेऱ्याच्या बाजूनं पाया पडायला लावलं. काकूच्या तोंडून लगेच धबधबा सुरू झाला. काम झालं.

आईची पाळी आली. वहिनी वाकली, तर आई म्हणाली, “ही सून हाय. हिला मी रोजच म्हणते. लेकीच्या जागी लेकच पाहिजे.” आणि माझ्याकडं हात केला.

“तिला कामून?” काकू फटकन बोलली. “सणाचा दिस हाय. तिकडं ती पोटुशी हाय.”

माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून कुणाच्या पाया पडले की पाय मागं ओढून “असू दे, असू दे” एवढंच ऐकायला मिळायचं. आईसुद्धा तेवढंच म्हणायची. मला राग आला. “मग काय गोठ्यातली म्हैस आणू का वाकायला?” मी म्हटलं.

“तू ये गं,” आई म्हणाली.

“लवकर करा, बॅटरी उतरायलीय,” व्हिडिओवाल्याचं वेगळंच.

मी कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘तुझा संसार सुखाचा होवो, तुझी कूस उजवो, बाळ सुखरूप हाती येवो.’ आईकडून ते मराठीत दोनदा पाठ करून घेतलं होतं. मी वाकले. आई ‘तुझा संसार’ एवढं म्हणाली आणि अडली. मग तिचा हात माझ्या डोक्यावर आला.

“लेकरा, मन मारून जगू नको. चांगलं नेस, चांगलं खा, हसत ऱ्हा. लोकं काय बी म्हणू देत. तुजं आयुष्य अजून लय पडलंय, माय.”

मला मान वर करता येईना. तिथंच तिच्या पायावर डोकं ठेवून मी रडले, चांगली रडले.

“मावशी, खाली दुसरंच लिहिलेलं उमटलंय,” व्हिडिओवाला म्हणाला. “कॅसेट मागं घेऊन याच्यावरच पुन्हा घेतो. हे पुसून जाईल.”

“दिलेला आशीर्वाद पुसत असतेत व्हय रे?” आई कडाडली. “ऱ्हाऊ दे तसाच.”

कॅसेट तशीच गेली. काकूनं दोन दिवस तोंड फुगवलं. माझ्याही जिवाला घोर लागून राहिला. तिकडं काही कमीजास्त झालं असतं, तर खापर कुणावर फुटणार होतं हे सांगायला नको.

दिवाळी होऊन गेल्यावर दुकानदाराच्या फोनवर तिचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी खुशाल होत्या. आईनं बोलून झाल्यावर फोन माझ्याकडं दिला.

“अक्का, कॅसेट रोज लावते मी,” ती म्हणाली. “आई तुला बोलायलीय ते कळलं मला. लय बरं वाटलं.”

“तुझा आशीर्वाद मात्र राहिला बघ,” मी म्हटलं.

“राहिला कसा? खाली लिहिलाय की. यांनी तर पाठ केलाय. तुझं अक्षर मला ओळखू येत नाही का? थोरल्या बहिणीनं दिला, आणि तोच लागला.”

काकू शेजारीच उभी होती. काय म्हणाली म्हणून विचारायला लागली. मी तिला सगळं शब्दन् शब्द सांगितलं, तेही दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.