कवळ आणि रीत

मुरबाडच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवत होते, तेव्हा तिथली कायम जागा निघायची वाट बघण्यात माझी चार वर्षं गेली. तृतीय वर्षाला वाढीचा नवा सिद्धांत होता. पुस्तकातली उदाहरणं कारखान्यांची आणि संगणकांची. वैशाखऱ्याच्या एका मुलीने सरळ विचारलं, "मॅडम, वापरलं तरी संपत नाय, असं काय असतं?"

मी राबाचं उदाहरण दिलं. भाताची रोपं करायची जागा भाजायला झाडांचा कवळ, म्हणजे पानांसकट तोडलेल्या डहाळ्या, लागतो. तुझा कवळ मी जाळला, की तुला उरत नाही. पण भाजायची रीत मी तुझ्याकडून शिकले, तरी तुझ्याकडची कमी होत नाही. शेत, बैल, माणसं सगळं दुप्पट केलं तर त्याच रितीने पीक दुप्पट येतं. रीतही सुधारली, तर दुपटीच्या वर. वर्ग डोलला. मीही फुगले.

पेपर तपासायला शहापूरला गेले, तेव्हा तिथल्या कॉलेजातल्या सरांना मी हे हौसेने सांगितलं. सर वयाने मोठे, जिभेने तिखट. म्हणाले, "वापरू का मी?"

"वापरा की, माझं काय संपतंय?"

दोन वर्षांनी ती कायम जागा निघाली. मुलाखतीत फळ्यावर शिकवून दाखवायचं होतं. माझ्या आधी सरांची विद्यार्थिनी होती, टोकावड्याची. खिडकी उघडी होती, मी बाहेर बाकावर. तिने राब सुरू केला. माझे शब्द, माझा क्रम. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता आत जाऊन मी काय नवीन सांगणार?

मग ती पुढे गेली. "नुसते नांगर वाढवत गेलं तर प्रत्येक नव्या नांगराचा उपयोग कमी होत जातो," ती म्हणाली. "रितीचं तसं नाही. भाजता भाजता माणसाला कमी कवळात भागवायचं सुचतं. ते शेजारी बघतो, त्यात आपली भर घालतो, ती तिसरा घेतो. म्हणून वाढ मंदावलीच पाहिजे असं नाही." हे मला कधी सुचलं नव्हतं.

जागा तिला मिळाली. बाहेर सर भेटले. "रागावलात?"

"रागावलेच," मी म्हटलं. "रीत दोघींना पुरली सर, खुर्ची नाही पुरली."

जागा भरल्यावर मुरबाडच्या माझ्या तासिका गेल्या, म्हणून पुढल्या जूनपासून मी सरांच्या शहापूरलाच तासिकांवर लागले. वाढीचा धडा आला तेव्हा राब काढला, आणि शेवटी तिची भरही घातली. ती कुणाची, तेही वर्गाला सांगितलं. घरी जाताना एसटीत मात्र मला रडू आलं.