कडूबाईंचा वरचा डोस

निशा कंडक्टर आहे आणि धावपटू आहे. दोन्हीकडे तिचं लक्ष घड्याळावर असतं. वय शेहेचाळीस, घर मुकुंदवाडीला, ड्यूटी एसटीच्या कन्नड गावच्या गाडीवर. पहाटे ती विभागीय क्रीडा संकुलात दोनशे मीटर पळते, मग खाकी चढवून दिवसभर ‘पुढं सरका, पुढं सरका’ करते. चाळिशी उलटल्यावर बायका गुडघ्याला तेल लावतात. ही बूट घालायला लागली. भावकीत त्यावर बरंच बोलून झालं होतं.

गेल्या वर्षी पस्तिशीपुढच्यांच्या राज्य मास्टर्स स्पर्धेत सकाळच्या हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, ती वाऱ्यासारखी पळाली आणि दुपारच्या फायनलला पायांचे पार ओंडके झाले. चौथी आली. पदकं तिघींनाच. घरी येऊन ती न्हाणीघरात शिरली आणि रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं नळ सोडला.

“अगं ए!” बाहेरून सासूबाई कडूबाई ओरडल्या. “आठ-आठ दिस पाणी येत नाय अन् तू नळ सोडून बसलीस व्हय?”

निशानं नळ बंद केला. रडूही बंद केलं. या शहरात मनसोक्त रडायचं म्हणजे आधी पाण्याचं वेळापत्रक बघावं लागतं.

यंदा तिला ते पदक हवंच होतं. तिचे कोच शिवराज सर रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलण्यात चोख. त्यांनी तिला आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली आणि क्रिएटिन पावडरीचा डबा आणायला सांगितलं.

“सर, हे स्टेरॉइड तर नाय ना?”

“नाय हो. मटणात, मासळीत असतंच ते, आपलं अंगही बनवतं. बंदीच्या यादीत नाय. पण डबा तपासलेला घ्या, भेसळ नको. रोज एक सपाट चमचा, तीन ते पाच ग्रॅम. सकाळी घ्या, संध्याकाळी घ्या, फरक पडत नाय. चुकवू मात्र नका. महिन्याभरात स्नायू भरतात. एकामागं एक जोरात पळायचं असलं की थोडी मदत होते. थोडीच. उरलेलं तुम्हालाच पळायचं हाय.”

“लवकर भरायचे असतील तर?”

“काही जण पहिला आठवडा वीस ग्रॅम घेतात, चार वेळा वाटून. तुम्हाला घाई नाय. अन् एकदम घेतलं तर पोट तुमच्या आधी पळंल.”

निशानं ते तंतोतंत पाळलं. रोज सकाळी तांब्याभर लिंबूपाण्यात एक चमचा टाकायचा, तांब्या ओट्यावर ठेवायचा आणि वेणी घालायला जायचं. ती वेणीच नडली.

तिसऱ्या आठवड्यात तिचं पोट बिघडलं. कन्नडची गाडी विनाथांबा होती. निशामुळे तिला थांबे लागले. वेरूळच्या अलीकडे एकदा, पलीकडे एकदा, आणि एकदा तर चालक सोमनाथनं न सांगताच एका ढाब्यापाशी गाडी उभी केली आणि म्हणाला, “जा ताई, मी हाय इथं.” प्रवाशांनी तोवर चहा घेतला. वजनही दीड किलोनं वाढलं. सर म्हणाले, स्नायूंत पाणी धरतं, चालायचंच. पण पोटाचं काही त्यांना कळेना.

तेवढ्यात डेपोत आरोग्य शिबिर आलं. निशानं पहाटे दमदार सराव करून तसंच रक्त दिलं. रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, वाढलेला. शिबिरातले डॉक्टर म्हणाले, किडनीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर स्पर्धेसाठीच्या तब्येतीच्या दाखल्यावर सही करता येणार नाही. स्पर्धा दहा दिवसांवर होती.

निशानं हे नवऱ्याला, मिलिंदला सांगितलं. मिलिंदनं काळजीनं फक्त एका भावाला फोन केला. आमच्याकडे एका भावाला सांगणं म्हणजे दवंडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशा संकुलावरून पळतच घरी आली, तर दारात चपलांचा ढीग. गावाकडून, देवगाव रंगारीहून, जीप भरून माणसं आली होती. केळी, शहाळी, बिस्किटं, सगळं रीतसर. भागूबाई मावशी पदर डोळ्याला लावून सुरात म्हणत होत्या, “लई गुणाची होती गं...”

“मावशी, मी हाय अजून,” घाम पुसत निशा म्हणाली.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, पदर खाली घेतला आणि जरा नाराजीनंच म्हणाल्या, “मग झोप की गं. आजारी माणूस असं पळत येतं व्हय?”

चुलतदीर सांडू उभाच राहिला. “वैनी, माझी किडनी घ्या. डावी घ्या, उजवीकडं मला कधीमधी दुखतंय.”

असल्या माणसांवर रागावणार तरी कसं? निशानं सगळ्यांना चहा केला. शेवटी दवाखान्यात तिच्यासोबत सांडूही गेला, उपाशीपोटी. न जाणो, लगेच काढायची म्हणाले तर?

डॉक्टर तनुजा किडनीच्या तज्ज्ञ. त्यांनी आधी विचारलं, “काही पावडर घेता का?” निशानं सांगितलं. डॉक्टर हसल्या. “गिरणीत दळण जास्त आलं की कोंडा जास्त निघतो. त्यावरून गिरणी बिघडली म्हणत नाहीत. क्रिएटिन घेतलं, वर सराव करून रक्त दिलं, तर हा आकडा वाढतोच. तरी न तपासता मी सोडणार नाही.” त्यांनी लघवी तपासली, आणि रक्ताची सिस्टॅटिन नावाची दुसरी चाचणी केली, तिला पावडरीचा फरक पडत नाही. दोन्ही उत्तम आल्या. सांडूनं ते ऐकलं आणि थेट खालच्या हॉटेलात पोहे गाठले.

“आता पावडर थांबवा. आठवड्यानं, आदल्या दिवशी सराव न करता, पुन्हा रक्त देऊ.”

“पण स्पर्धा, मॅडम?” निशानं विचारलं. “महिनाभर भरलेलं सगळं जाईल ना?”

“लगेच नाही जात. भरलेले स्नायू रिकामे व्हायला चार-सहा आठवडे लागतात. तुम्ही पळा.” मग त्यांनी निशाच्या मोबाईलमधला उघड्या डब्याचा फोटो पाहून भुवया उंचावल्या. “रोज एकच चमचा? मग महिन्याच्या आत डबा तळाला कसा गेला?”

घरी तोच प्रश्न निघाला. सगळे एकमेकांकडे बघत होते. कडूबाई मात्र केळी मोजत होत्या.

“आई?” मिलिंद म्हणाला.

“टाकत हुते मी तांब्यात, ही वेणी घालायला गेली की,” कडूबाई फणकारल्या. “वरून तीन चमचे. एवढ्या मोठ्या बाईला एवढंसं कसं पुरंल? खत घालायचं तर मुळापत्तुर पोचलं पायजे!”

“आत्या,” निशा सासूला म्हणाली, “माझी गाडी थांबली हो तीन-तीनदा!”

“मला काय ठावं?” कडूबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. “मागच्या साली न्हाणीत रडलीस. मी पाण्यावरनं बोलले. रडणं ऐकलं हुतं मी. म्हणलं औंदा पोरगी रडायला नको.”

निशानं एक केळं सोललं आणि सासूच्या हातात दिलं.

आठवड्यानं आकडा खाली आला, दाखला मिळाला. भेटायला आलेली भावकी तोवर परत गेली नव्हती; स्पर्धेला तीच जीप संकुलावर आली. सकाळी हीट झाली. दुपारी फायनलला पाय जड झाले, पण ओंडके झाले नाहीत. भागूबाई मावशी ‘पुढं सरका, पुढं सरका’ ओरडत होत्या. निशा तिसरी आली.

संध्याकाळी पदक गळ्यात तसंच ठेवून ती न्हाणीघरात गेली. आतून एक दबका हुंदका आला.

कडूबाईंनी दार ठोठावलं.

“सोड नळ,” त्या म्हणाल्या. “आज पाण्याचा दिस हाय.”