पायरीबद्दलचं उत्तर

यजमान गेल्यावर महिन्याभराने मी मेन रोडवरचं आमचं पैठणीचं दुकान पुन्हा उघडलं. उघडण्याआधी दगडी पायरी धुवायची ही त्यांची रीत. ती मी चालू ठेवली. चौथ्याच दिवशी देवळाली कॅम्पहून आलेल्या एक बाई, आमच्या जुन्या गिऱ्हाईक, चपला काढून आत येताना त्या पायरीवर घसरल्या. मनगट मोडलं. तीन आठवड्यांनी त्यांच्या वकिलाची नोटीस आली: निष्काळजीपणा झाला, भरपाई द्या, पंधरा दिवसांत उत्तर द्या.

मी उत्तराचा मसुदा केला. पायरी ओली राहिली याचं मनापासून वाईट वाटतं, असं लिहिलं. दुकानाचा विमा उतरवून देणारे एजंट, यजमानांचे मित्र, ते वाचून हसले.

"वहिनी, निबंध छान आहे. पण हा कबुलीजबाब आहे. कंपनीला न विचारता चूक मान्य केली, तर कंपनी हात वर करेल. मग दुकान विकून भरा."

"पण पाणी मीच ओतलं होतं."

"ते कंपनीला सांगा. एकही गोष्ट लपवू नका. समोरच्यांना मात्र फक्त नोटीस मिळाल्याचं कळवायचं." मग आवाज उतरला. "आणि त्या पडल्या त्याच दिवशी कळवायला हवं होतं. तेच अंगाशी येऊ शकतं."

पॉलिसी आम्हा दोघांच्या नावावर होती, पण कागद यजमानच सांभाळत. आत तशी अट आहे हे मी तेव्हा प्रथम वाचलं.

वकिलांना तीन ओळी गेल्या. नोटीस मिळाली, विमा कंपनीकडे पाठवली आहे, या पत्राने कोणतीही जबाबदारी मान्य केलेली नाही. नोटीस आणि तिचं पाकीट कंपनीला पाठवलं. सोबतच्या फॉर्मवर घटना लिहिली, पाण्यासकट.

दोन दिवसांनी त्या बाईंच्या मुलीचा फोन आला.

"काकू, पत्र वाचलं. इतकं कोरडं? काका असते तर घरी येऊन गेले असते."

"गेले असते."

"मग एवढंच सांगा, पायरी ओली होती ना?"

मी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. "आईंचा हात कसा आहे?"

"प्लास्टरमध्ये आहे. वेणी मी घालते. विचारलं त्याचं सांगा."

"त्यावर मला बोलता येणार नाही."

"येणार नाही की बोलायचं नाही?"

तिने फोन ठेवला.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. यापुढे समोरच्यांना आमचे वकील उत्तर देतील, तुम्ही थेट बोलू नका. घटना उशिरा कळवल्याचा लेखी खुलासा द्या, त्यानंतर दाव्याचा निर्णय होईल.

खुलासा लिहायला मला अख्खी सकाळ लागली. विम्याचे कागद माझे यजमान पाहत असत, अटी मला ठाऊक नव्हत्या, एवढंच लिहिलं. मागे त्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत टाचली.