कस्तुराबाईची धडधड

हदगाव-हिमायतनगर पट्ट्यात शेषेरावांनी जुळवलेलं एकही लगीन नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. धंदा नव्हता हो, नुसती हौस! शेती पोरगा बालाजी बघायचा आणि हे, साऱ्या पट्ट्याचे ‘मामा’, टोपी सारखी करत सोयरिकी जुळवत हिंडायचे. आता सोयरिकीचं काम म्हणजे चहाचं काम. पोरीकडच्यांचा कप परत पाठवला की आत कुजबुज सुरू होते, ‘स्थळ पसंत न्हाई वाटतं मामांना.’ म्हणून नको असला तरी घ्यायचा. पोरीकडं एक, पोराकडं एक, देणंघेणं ठरलं की गोडाचा एक, आणि मोडायला आलं की समजूत घालायला अजून दोन. लातूरकडच्या एका मास्तरांच्या घरी तर वर कॉफी.

व्हायचं तेच झालं. हात थरथरायला लागले, झोप उडाली आणि छातीत असं धडधडायचं की शेषेरावांनी मनातल्या मनात वाटण्यासुद्धा करून टाकल्या. बालाजीनं त्यांना हदगावला देविका डॉक्टरांकडं नेलं. बाई तरुण, पण भारी बारकाईनं विचारणारी. तिनं छातीला, हातापायांना वायरी लावून ईसीजी काढला, रक्त तपासलं आणि हसून म्हणाली, “काका, ईसीजीची पट्टी चांगली आहे. हे सगळं चहा-कॉफीचं काम. एकदम सोडू नका, डोकं धरेल. हळूहळू कमी करा. रिकाम्या पोटी घ्यायचा नाही, दुपारनंतर तर नाहीच. आणि धडधडलं की घाबरायचं नाही. पोटावर हात ठेवून नाकानं सावकाश श्वास घ्या, आणि घेतला त्याहून सावकाश सोडा.”

शेषेरावांचा जीव भांड्यात पडला. ते चपला घालायला उठले. बाई पुढं बोलतच होती, “पण प्रत्येकाची धडधड चहाचीच असते असं नाही हं. चहा नसतानाही होत असेल, ठोके वेडेवाकडे पडत असतील, चालताना दम लागत असेल, तर ईसीजी काढायलाच पाहिजे. धडधड चालू असताना आलात तर उत्तम. आणि छातीत दुखलं किंवा अंधारी येऊन माणूस पडलं, तर तसंच मोठ्या दवाखान्यात न्यायचं.”

“हाव, हाव,” शेषेराव म्हणाले. अर्धं ऐकायचं आणि दीडपट सांगायचं, ही त्यांची जुनी खोड. सोयरिकीत ती कामाला यायची.

महिन्याभरात गडी ठणठणीत झाला. लोकांच्या घरी बशीत दोन घोट ओतून घ्यायचे आणि वर ताक मागायचे. मान राहिला, छातीही राहिली. मग काय विचारता! सोयरीक राहिली बाजूला, मामा ज्याला त्याला श्वास शिकवायला लागले. “पोटावर हात ठेव. घे... आता सोड. दवाखान्यात कशाला पैसे घालता? चहा सोडा!” लोकही माना डोलवायचे.

अशातच एका सकाळी चुलीपाशी बसलेल्या कस्तुराबाई म्हणाल्या, “अवो, मलाबी धडधडून राहिलंय. मधीच ठोका चुकतंय, मधीच दोन-दोन पडतेत.”

बायकोनं आपणहून दुखणं सांगावं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. शेषेरावांनी तिच्या हातातल्या कपाकडं पाहिलं आणि म्हणाले, “हे बघ, हेच कारण. सोड आजपासून.”

दिवसाचा तेवढाच एक कप होता तिचा. सगळी झोपेत असताना, कुणाची हाक यायच्या आत, निवांत घ्यायचा. तोही तिनं सोडला. धडधड काही थांबली नाही. पंधरा-वीस दिवसांनी तिनं पुन्हा विषय काढला, “चहा तर सोडला, तरी होतंयच की. पाण्याची घागर आणताना दम लागतंय.”

“मग श्वास नीट घेत नसशील.”

आता या माणसाला काय म्हणावं? चहा नसताना होतं, ठोका वाकडा पडतो, दम लागतो. डॉक्टरीणबाईनं बोटावर मोजून दिलेलं सगळं ती बिचारी एकेक करून सांगत होती, आणि ज्यानं ते ऐकलं होतं त्याच्या कानावरून ते कधीच वाहून गेलं होतं.

नवरात्राआधी दोघं माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेली. निम्म्या पायऱ्यांवर कस्तुराबाई खाली बसल्या. ओठ काळसर पडले होते. शेषेराव शेजारी बसले, तिचा हात पोटावर ठेवला आणि म्हणाले, “घे... सोड. घे... सोड.” बसल्यानं दम उतरला, तर ह्यांना वाटलं श्वासानं उतरला. वर देवीपुढं त्यांनी चार लोकांत सांगितलं, “बघा, एका गोळीबिगर.” कस्तुराबाई मागं पदर सावरत उभ्या होत्या.

दिवाळीनंतर एका सकाळी त्या भाकरी थापता थापता कलंडल्या. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द येईना. बालाजीनं गाडी काढून नांदेड गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी पट्टी काढली, हृदयाची सोनोग्राफी केली आणि विचारलं, “लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे का यांचे?”

सुजायचे. लग्नाच्या आधीचं ते दुखणं शेषेरावांना माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, “त्या तापानं हृदयाची झडप आवळली. ठोके अनियमित झाले. आत रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. धडधड कधीपासून होती?”

शेषेरावांनी सांगितलं. मग न राहवून विचारलं, “तवाच पट्टी काढली असती तर?”

“खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. पण बहुतेक कळलं असतं. रक्त पातळ ठेवायचं औषध सुरू केलं असतं, तर याची शक्यता पुष्कळ कमी झाली असती.” वर ते म्हणाले, “आणि एका कप चहानं यांचं काही बिघडत नव्हतं.”

शेषेराव बाहेर बाकड्यावर येऊन बसले आणि लोकांच्या देखत ढसाढसा रडले. साऱ्या मुलखाचं ऐकत हिंडलो आणि घरातल्या माणसाचं ऐकलं नाही, हेच ते बालाजीला परत परत सांगत राहिले. ऐकलं बालाजीनंही नव्हतं. तोही त्याच घरात होता.

कस्तुराबाई घरी आल्या. आता औषधं चालू आहेत, काठी धरून चार पावलं टाकतात. बोलायला गेल्या की तोंडातून एकच शब्द निघतो, “न्हाई.” पाणी पाहिजे असलं तरी न्हाई, पोरगा आला तरी न्हाई. शेषेराव दिवसभर समोर बसून त्या न्हाईमागं काय आहे ते शोधतात. कधी सापडतं, बहुतेकदा सापडत नाही. सोयरिकी त्यांनी बंद केल्या.

गेल्या आठवड्यात शेजारची वर्षाराणी आली. तिच्या सासूनं पाठवली होती. ओसरीवर बसत म्हणाली, “मामा, मला लई धडधडून राहिलंय. परवा कापूस वेचताना अंधारी येऊन पडलेच. आत्या म्हणतेत, मामाकून तेवढं श्वासाचं शिकून ये, चहा सोडला की बरं वाटतंय.”

शेषेरावांचा चेहरा उतरला. ते तोंड उघडणार तेवढ्यात बाजेवर बसलेल्या कस्तुराबाईंनी डावा हात पुढं केला आणि वर्षाराणीचं मनगट गच्च धरलं.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. डोळे शेषेरावांवर होते. “न्हाई. न्हाई. न्हाई!”

या खेपेला शेषेरावांना शोधावं लागलं नाही. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि बालाजीला गाडी काढायला हाक मारली.

“ऊठ पोरी,” ते म्हणाले. “आधी दवाखान्यात.”

वर्षाराणी उठायला लागली, पण कस्तुराबाईंनी मनगट सोडलं नव्हतं. बालाजीनं दारात गाडी आणून उभी केली, ती आपल्या डोळ्यांनी पाहिली, तेव्हा कुठं सोडलं.